ताईच्या रिसेप्शनमध्ये जिजूंवर बोलायचंय, चिमटा किती काढू?

इंदुरी_धाकटी
नमस्कार मंडळी. ताईचं लग्न दहा दिवसांवर आलंय. सकाळी लग्न, संध्याकाळी गार्डनमध्ये रिसेप्शन. जिजू पुण्याचे, त्यांच्याकडून साठ-सत्तर माणसं येतील. आमच्याकडची अडीचशे, त्यातली निम्मी हिंदीवाली: ताईच्या ऑफिसची आणि आमच्या सुदामानगरच्या गल्लीतली. आईनं परस्पर ठरवून टाकलं की धाकटीनं स्टेजवर जिजूंबद्दल बोलायचं. थोडी खेचायची, पण प्रेमानं.

मी लिहून काढलं. 780 शब्द झाले. मोबाईलवर वेळ लावून मोठ्यानं वाचलं तर सव्वासात मिनिटं लागली. त्यात चार किस्से आहेत. पहिल्या भेटीला अर्धा तास आधी येऊन ते गल्लीत फेऱ्या मारत होते तो एक. सराफ्यात गराडूवर जिरावन ओतून घेतलं आणि मग डोळ्यांतून पाणी, तो दुसरा. तिसरा त्यांच्या मागे सरकणाऱ्या केसांवर. चौथा, ताईनं त्यांच्याआधी अकरा स्थळं नाकारली होती त्यावर. आणि शेवट असा आहे:

"तर असे आमचे जिजू! पण खरं सांगते, ते अत्यंत प्रेमळ, समजूतदार, जबाबदार आणि मनमिळाऊ आहेत. ताईला याहून चांगला जोडीदार मिळालाच नसता."

हा शेवट मलाच शाळेच्या निरोप समारंभासारखा वाटून राहिलाय. काय करू?

बडोदेकर_मन्या
सोप्पं आहे. तीन विनोद, मग एक इमोशनल, मग टाळ्या. लांबी निम्मी कर, सात मिनिटं कोणी ऐकत नाही. मोबाईलवरूनच वाच, हल्ली सगळे तसंच करतात. शेवटी एखादा शेर टाक म्हणजे हिंदीवालेही खूश. मित्राच्या लग्नात मी असंच केलं होतं, लोक पडले हसून.

नलूमावशी_ग्वाल्हेर
अगं नवरीनं उखाणा घ्यायलाच हवा! हा घे, आत्ताच सुचला:
"पोह्यांवर पेरली शेव, शेवेवर जिरावन,
___रावांच्या पावलांनी सजलं आमचं अंगण."
गाळलेल्या जागी नाव घाल.

इंदुरी_धाकटी
मावशी, उखाणा ताई घेईल हो. मी नवरीची बहीण. मी त्यांचं नाव असं घेतलं तर स्टेजवरच घोटाळा होईल 😄

नलूमावशी_ग्वाल्हेर
अय्या, मला वाटलं तूच नवरी. राहू दे मग, ताईला दे.

सूत्रधार_रामबाग
धाकटे, मी वीसेक वर्षं लग्नांत आणि मंडळाच्या कार्यक्रमांत निवेदन करतेय, म्हणून चार गोष्टी सांगते.

मन्याचं लांबीबद्दलचं बरोबर आहे. "तीन विनोद, मग एक इमोशनल" हे मात्र तुझ्या आत्ताच्या मसुद्याचंच दुखणं आहे. आधी सहा मिनिटं त्या माणसाला झोडायचं आणि मग एका मिनिटात विशेषणांची माळ घालायची. ऐकणाऱ्याला किस्से खरे वाटतात, कारण त्यात गल्ली आहे, जिरावन आहे, डोळ्यांतलं पाणी आहे. "प्रेमळ, समजूतदार" यात काहीच दिसत नाही, म्हणून ते औपचारिक वाटतं. परिणाम असा की चिमटा लक्षात राहतो आणि माया हवेत जाते.

तुझ्या मसुद्यात एकच किस्सा कामाचा आहे, तो वेळेआधी येण्याचा. कारण ती त्यांची खोड आहे. खोड पुन्हा पुन्हा दिसते, त्यामुळे तिची दुसरी बाजूही कुठेतरी दिसलेली असणार. आठवून बघ, याच खोडीमुळे तुमच्यापैकी कोणाचं कधी काही भलं झालं का? तसं सापडलं तर दुसरा किस्सा शोधायचीच गरज नाही. पहिल्यात हसवायचं, दुसऱ्यात तीच खोड वेगळी दिसू द्यायची. "पण खरं सांगते" म्हणावंच लागत नाही.

गराडूचा किस्सा काढ. वाईट म्हणून नाही. बाहेरून येऊन तिखट खाल्लं आणि रडला, हे इंदूरच्या प्रत्येक जावयाबद्दल सांगता येतं. त्यात तुझे जिजू कुठे दिसतात?

केस काढ. माणूस स्वतःच्या टकलावर स्वतः हसतो तेव्हा ठीक, तुझ्या हातात माईक असताना नाही. अकरा स्थळं तर आधी काढ. त्यात जिजू बारावे ठरतात, ताई चोखंदळ ठरते, आणि ज्यांना नकार गेला त्यांतलं एखादं घर नेमकं जेवायला आलेलं असतं. आपल्या गावात मराठी घरं किती आणि ओळखी किती, तुला सांगायला नको.

ग्वाल्हेरची_मोठी
सूत्रधारताईंच्या शेवटच्या मुद्द्यावर माझी स्वतःची फजिती सांगते. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी बोलले होते. तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या तीन महिने आधी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. मी कौतुकानंच म्हटलं, "राजीनामा देऊन थेट आमच्याकडे पोहे खायला आले, तेव्हाच कळलं माणूस धाडसी आहे." आमच्या बाजूला हशा. त्यांच्या बाजूला सन्नाटा. नोकरी सोडल्याचं त्यांनी आजोबांना सांगितलंच नव्हतं. त्यांना ते माझ्याकडून, माईकवरून कळलं.

मी त्यांना आधी विचारलं होतं बरं का. "तुमच्यावर थोडं बोलले तर चालेल ना?" ते म्हणाले "बोला की." असं विचारून काही उपयोग नसतो. नेमका किस्सा सांगून विचारायचं.

इंदुरी_धाकटी
बापरे. लगेच दोघांना फोन केले. जिजूंना एकेक किस्सा सांगून विचारलं. केसांचा ऐकून "सांग ना, सांग" म्हणाले, पण फारच पटकन. मग ताईनं सांगितलं की त्या विषयावर ते हसतात आणि नंतर आरशासमोर जाऊन उभे राहतात. काढला. स्थळं काढली. गराडू काढताना जीवावर आलं, पण काढला.

आणि सूत्रधारताई, दुसरी बाजू सापडली! गेल्या श्रावणात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी सातला बोलावलं होतं. आम्ही घरच्या रिवाजाप्रमाणे सव्वासातला पोहोचलो, तर दारात जिजू उभे. रात्रीच्या बसनं पुण्याहून आलेले. कोणाला सांगितलं नव्हतं. सहापासून उभे होते. आई रिक्षात एक शब्द बोलली नव्हती. ती घाबरली की गप्प होते. जिजूंना बघून तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "मीटर बघून झालं का?"

(मीटरचं आणि समोरच्या आंटींचं काय ते मसुद्यात टाकते, आधी थोडं नीट लिहू दे.)

सूत्रधार_रामबाग
मिळालं की! तुझं भाषण तुझ्या आईनं त्या दारात उभं राहून लिहून दिलंय. तिला विचारलंस का पण? आजारपणाची गोष्ट ज्याची, परवानगी त्याची.

इंदुरी_धाकटी
विचारलं. म्हणाली, "सांग, पण मला म्हातारी म्हणू नकोस."

बडोदेकर_मन्या
मस्त! त्यात आणखी एक घाल. दवाखान्याचा वॉचमनही म्हणाला, "मीटरवाले हो क्या?" डबल पंच होईल.

इंदुरी_धाकटी
तसं झालं नव्हतं पण.

बडोदेकर_मन्या
कोणाला कळणार आहे?

सूत्रधार_रामबाग
जिजूंना कळेल, आईला कळेल. ती दोघं समोर बसलेली असताना एक खोटं वाक्य आलं की त्यांचे चेहरे बदलतात, आणि लोक बोलणाऱ्यापेक्षा त्यांच्याच चेहऱ्यांकडे बघत असतात. शिवाय आईचं वाक्य खरं आहे म्हणून भिडतं. त्याच्याआधी तोच विनोद वॉचमननं खर्चून टाकला तर आईला काय उरलं?

मुठेकाठचा
वरपक्षाच्या गावचा म्हणून एक विनंती. "पुणेकर म्हणजे वेळेचे पक्के", पाट्या, दुपारची झोप, यातलं काही आणू नका. आमच्याकडची साठ माणसं ते प्रत्येक लग्नात ऐकून आलेली असतात. जिजू लवकर येतात ते पुण्याचे म्हणून नाही, ते तसे आहेत म्हणून, असंच राहू द्या. आणि एक शंका. तुमच्याकडे हे नवीन सुरू झालंय का? आमच्याकडे नवरदेवाची मस्करी म्हणजे भावानं कान पिळायचा आणि विहिणींच्या पंगतीत गाणी म्हणायची. भाषण वगैरे सिनेमातलं वाटतं.

ग्वाल्हेरची_मोठी
भाऊ नसेल तर कान कोण पिळणार? आम्ही दोघी बहिणीच. कानपिळीला मावसभावाला उभं केलं होतं, त्याला नवरदेवाचं नावही धड माहीत नव्हतं. त्यापेक्षा बहीण माईकवर बोलली तर बिघडलं कुठे?

मुठेकाठचा
बिघडलं असं नाही म्हटलं. फक्त आपलं वाटत नाही.

सराफ्यातला_निशाचर
मूळ प्रश्न राहिला. शेवटी ग्लास उंचावायचा का? आणि ग्लासात काय? मी शिकंजी सुचवतो.

इंदुरी_धाकटी
मुठेकाठचे दादा लिंबूपाणी समजतील. आपली शिकंजी दुधाची, घट्ट. ती ग्लास उंचावून प्यायची की चमच्यानं खायची यावरच भांडण होईल. ग्लास रद्द.

मला खरा प्रश्न वेगळा पडलाय. "तुम्ही" म्हणू की "तू"? घरी मी "जिजू, तुम्ही" म्हणते, पण शेवटच्या वाक्यात "तू" जास्त जवळचं वाटतं.

ग्वाल्हेरची_मोठी
माझे मेहुणे माझ्याहून लहान, तरी मी "राव" लावूनच बोलले. सासरच्यांसमोर "तू" नको.

बडोदेकर_मन्या
उलट शेवटी "तू" म्हण, सगळे रडतील.

सूत्रधार_रामबाग
घरी जे म्हणतेस ते म्हण. रडवण्यासाठी बदललेलं सर्वनाम ऐकू येतं. यावर माझ्याच घरात दुमत आहे म्हणा, माझी मुलगी मन्याच्या बाजूची.

आता बोलण्याच्या वेळेचं. चाटचं काउंटर उघडण्याआधी बोलायचं. पाणीपुरीशी स्पर्धा करून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. मोबाईलवरून वाचू नकोस. हात थरथरला की बोट लागून पान सरकतं, मध्येच फोन येतो, आणि खालून उजेड पडून चेहरा भुतासारखा दिसतो. जाड कागदाची चार कार्डं कर, मोठ्या अक्षरात, कोपऱ्यात आकडे घालून. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधलं कार्डावर.

माईक हनुवटीच्या जरा खाली, चार बोटांवर. स्पीकरच्या समोरून चालू नकोस, शिट्टी वाजते आणि सगळ्यांचे हात कानावर जातात. ज्या ठिकाणी हशा अपेक्षित आहे तिथं कार्डावर "थांब" लिहून ठेव. नवखी माणसं घाबरून हशावरूनच पुढचं वाक्य बोलतात आणि ते वाया जातं. हशा नाहीच आला तरी दोन आकडे मोजून पुढे जा, "हसा ना" म्हणू नकोस.

भाषा मराठीच ठेव. किस्सा हावभावानं कळतो. आंटींचं वाक्य त्यांनी हिंदीत म्हटलं असेल तर हिंदीतच सांग. निम्म्या मांडवाला तेवढंच पुरेल. शेर नको.

इंदुरी_धाकटी
हा घ्या नवा मसुदा. तीनशेहून कमी शब्द, थांबे धरून साडेतीन मिनिटं.

"नमस्कार. मी नवरीची धाकटी बहीण. ताईच्या कपाटावर आजवर माझा हक्क होता, तो आज संपतोय. त्यामुळे माझं बोलणं जरा एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

जिजू आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना पाचला बोलावलं होतं. ते साडेचारला आले. इतक्या लवकर आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून गल्लीत फेऱ्या मारायला लागले. खांद्याला बॅग, हातात फाईल. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला समोरच्या आंटी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'भैया, मीटर पीछे की तरफ है.' (थांब)

जिजूंना नाही म्हणवेना. ते मागे गेले. मीटर बघून आले. (थांब) आंटींना म्हणाले, 'जी, ठीक है.' आणि बरोबर पाचला आमची बेल वाजवली.

त्या रात्री मी ताईला म्हटलं, हा माणूस आपल्याला जन्मभर अर्धा तास आधी तयार करून बसवणार. ताई म्हणाली, 'तुला तयार व्हायला दीड तास लागतो, तू बोलू नकोस.'

मग गेल्या श्रावणात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सकाळी सातला बोलावलं होतं. आम्ही सव्वासातला पोहोचलो, म्हणजे आमच्या हिशेबानं लवकरच. आई रिक्षात एक शब्द बोलली नव्हती. आई गप्प झाली की ती घाबरलेली असते, हे आम्हा तिघांनाच माहीत. दवाखान्याच्या दारात जिजू उभे होते. रात्रीच्या बसनं आले होते, कोणालाही न सांगता. सहापासून तिथं होते. आईनं विचारलं, 'कधी आलात?' म्हणाले, 'आत्ताच.' आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'मीटर बघून झालं का?' (थांब)

सकाळपासूनचं तिचं ते पहिलं धड वाक्य होतं. मग ती हसतच आत गेली.

जिजू, आमच्या घरात वेळेवर कोणीच येत नाही. तुम्ही येत जा. फक्त आता गल्लीत फेऱ्या मारू नका. सरळ आत या."

मुठेकाठचा
माघार. हे आपलं वाटलं.

सूत्रधार_रामबाग
"कधी आलात" असं विचारून झाल्यावर मीटरचं वाक्य पहिलं धड वाक्य कसं? "कधी आलात" काढ. दारात जिजू, आई त्यांच्याकडे बघते, आणि मीटर. बाकी हात लावू नकोस.

इंदुरी_धाकटी
पण मग "आत्ताच" जातं. मला ते फार आवडतं. सहापासून उभा असलेला माणूस "आत्ताच" म्हणतो.

सूत्रधार_रामबाग
मग "आत्ताच" ठेव. पण प्रश्न तू विचार, आई गप्पच राहू दे. खऱ्यात कोणी विचारलं होतं?

इंदुरी_धाकटी
आता आठवलं तर खरं म्हणजे बाबांनी विचारलं होतं! बदललं.

---

इंदुरी_धाकटी
झालं मंडळी. परवा. आज जरा शुद्धीवर आले, म्हणून लिहून राहिले.

पहिल्या वाक्याला माईक बंद होता. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, पण पाठ होतं म्हणून निभावलं. "मीटर पीछे की तरफ है" ला हशा येणार हे माहीत होतं. मोठा हशा मात्र "मीटर बघून आले" ला आला, आणि तो ओसरायच्या आत तिसऱ्या रांगेतून आंटी उभ्याच राहिल्या, "पर मैंने पानी भी पूछा था!" मांडव कोसळला. मी कुठे होते तेच विसरले. कार्डाच्या कोपऱ्यातला 2 दिसला म्हणून सापडले. सूत्रधारताई, ते आकडे नसते तर मी अजून तिथंच उभी असते.

दवाखान्याचं आलं तेव्हा जिजू खाली बघत होते. "मीटर बघून झालं का" मी म्हणायच्या आधीच आई पुढून म्हणाली. मग मी म्हटलंच नाही. शेवटच्या वाक्यानंतर टाळ्यांना जरा वेळ लागला. मला वाटलं पडलं. मग बाबांनी सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र टोचतेय. जेवताना जिजूंच्या एका काकूंनी आईला विचारलं म्हणे, "आमच्या मुलाला मीटरवाला म्हणाली का ती?" आईनं सावरून घेतलं, पण काकू काही हसल्या नाहीत.

ग्वाल्हेरची_मोठी
जिजूंना विचारून झालं होतं, काकूंना कोण विचारणार. सोड.

मुठेकाठचा
सोडण्यासारखं आहे, पण काकूंचंही अगदीच चूक नाही. त्यांच्यासाठी तो सकाळपासून नवरदेव होता.

सूत्रधार_रामबाग
हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आंटींना चष्मा नव्हता असं एक वाक्य आधी असतं तर गंमत जिजूंवरून आंटींवर गेली असती. पण मग आंटींनी उठून पाण्याचं सांगितलं असतं का, कोण जाणे.

बडोदेकर_मन्या
मी तर म्हणतो वॉचमन हवाच होता.

नलूमावशी_ग्वाल्हेर
सगळं वाचलं. छान झालं. ताईनं उखाणा कोणता घेतला?